फर्स्ट, सेकंड, नाइट: शिफ्टची नोकरी सांभाळून संयुक्त पूर्वचं वेळापत्रक कसं बसवायचं

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. राहायला चिपळूणजवळच्या गावात, कंपनीची बस पकडायला बहादूरशेख नाक्यावर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट ७ ते ३, सेकंड ३ ते ११, नाइट ११ ते ७. एमपीएससीची गट-ब संयुक्त पूर्व द्यायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम केलं ते कुणाचं तरी तयार वेळापत्रक छापून टेबलासमोर चिकटवायचं. 'पहाटे ५ ते ७ राज्यघटना, सकाळी ९ ते ११ इतिहास.' ते नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी पहाटे पाचला मी लॅबमध्ये सॅम्पल लावत उभा होतो.

कागद खोटा होता असं नाही. तो रोज सारखाच दिवस उगवणाऱ्या माणसासाठी होता. माझा दिवस दर सोमवारी बदलतो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यावर येतो, म्हणजे माझं वेळापत्रक ७ दिवसांचं नाही, २१ दिवसांचं असायला हवं. हे कळायला मला एक अख्खी परीक्षा घालवावी लागली. तुमची घालवू नका, म्हणून दुसऱ्या वर्षी जे केलं ते क्रमाने लिहितोय.

लागणारं सामान

- चालू जाहिरात आणि अभ्यासक्रम, छापून. पावसात लाईट जाते, मोबाईल उतरतो, म्हणून पीडीएफवर विसंबू नका.
- संयुक्त पूर्वच्या मागच्या पाच प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका. आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. पहिली नाही, अंतिम उत्तरतालिका घ्या. मधल्या काळात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात.
- ड्युटी चार्ट आणि शिल्लक रजांचा आकडा.
- भिंतीवरचं तिथी-सणांचं कॅलेंडर. गणपती आणि गौरी कधी ते त्यात बघायचंय.
- खिशात मावेल अशी वही, आणि चार्जिंगचा एक दिवा.

१. आधी २१ दिवस नुसतं मोजा

वेळापत्रक अजून करू नका. एक पूर्ण फेरी, म्हणजे सेकंड, नाइट, फर्स्ट असे तीन आठवडे, जमेल तसा अभ्यास करा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, त्यात किती पानं किंवा किती प्रश्न झाले. मधे फोन घेतला असेल तर तेवढी मिनिटं वजा. अभ्यासिकेत चार तास होतो हे मोजायचं नाही, पुस्तक उघडं होतं तेवढंच मोजायचं.

माझे कागदावरचे तास असे होते: सेकंडला रोज ३ म्हणजे सहा दिवसांचे १८, नाइटला रोज दीड म्हणजे ९, फर्स्टला रोज २ म्हणजे १२, आणि तीन रविवारांचे चार-चार म्हणजे १२. एकूण ५१. वहीत निघाले ते सेकंडचे १५, नाइटचे ५, फर्स्टचे ८ आणि तीन रविवारांचे मिळून ९. एकूण ३७.

नाइटचे ५ बघून मला धक्का बसला, पण त्यात नवल काही नव्हतं. सकाळी ८ ला घरी, आंघोळ-नाश्ता, ९ ला झोप. दिवसाची झोप तुकड्यातुकड्यांनी येते. दुपारी मासेवाली दारात ओरडते, शेजारचा ग्राइंडर चालू होतो. उठलं की डोकं तासभर जडच. आणि रविवारचे १२ चे ९ झाले, कारण नाइटचा आठवडा संपतो तो रविवारी सकाळी ७ ला. त्या दिवसाला सुट्टी म्हणतात, पण ती झोपेची सुट्टी. त्या रविवारी माझ्याकडून एकच तास झाला.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. 'नाइटला लॅबमध्ये काम कमी असतं, तिथे दोन तास काढू' असं सगळेच म्हणतात. हे तास धरू नका. प्लांटच्या हद्दीत मोबाईल नेता येत नाही, पुस्तक सापडलं तर मेमो मिळतो, आणि रिअ‍ॅक्शनचं सॅम्पल कधी येईल ते आपल्या हातात नसतं. मी धरले होते. महिनाभरात दोन तासही झाले नाहीत, सुपरवायझरची बोलणी मात्र खाल्ली.

तुमची जनरल ड्युटी असेल, पतसंस्थेत, दुकानात किंवा शाळेच्या ऑफिसात, तर मोजणी दोन आठवडे पुरे. बाकी पायऱ्या तशाच.

आता पुढच्या सगळ्या हिशेबात ३७ चाच आकडा. तीन आठवड्यांचे ३७, म्हणजे आठवड्याला साधारण १२ तास. मनातल्या मनात १५ धरलेत तर पहिल्याच महिन्यात मागे पडाल आणि दोष आळसाला द्याल.

२. परीक्षेच्या तारखेपासून मागे या, आणि कोकणातलं वर्ष वजा करा

समजा मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरुवात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा. साधारण २६ आठवडे. २६ गुणिले १२ म्हणजे ३१२ तास. हा आकडा बघून बरं वाटतं, पण तो आपला नसतो.

गणपतीचा आठवडा पूर्ण सोडा. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात चौदा माणसं, रात्री आरत्या आणि भजन, पुस्तक ठेवायला जागा नसते. 'गणपतीत पहाटे वाचू' असं स्वतःला सांगू नका. १२ तास गेले.

लावणीचे दोन आठवडे अर्धे धरा. आमची थोडीच शेती आहे, पण सेकंडच्या आठवड्यात सकाळी मी घरी दिसतो आणि आई म्हणते, "तू आहेस ना आज, तरवा तेवढा काढून दे." नाही म्हणता येत नाही. आणखी १२ गेले. जुलैत वाशिष्ठी चढली की बाजारपेठेतल्या नातेवाइकांचं सामान वर चढवायला जावं लागतं, तेही या अर्ध्या आठवड्यांतच धरलं. २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात कुणी 'बघू नंतर' म्हणत नाही. माझ्या वह्यासुद्धा पावसाळाभर पोटमाळ्यावर असतात.

एक आठवडा शटडाऊनचा. वर्षातून एकदा प्लांट बंद करून दुरुस्ती होते आणि तेव्हा ओव्हरटाइम टळत नाही. १२.

एकूण ३६ गेले, राहिले २७६.

पहिल्या वर्षी मी भातकापणी विसरलो होतो. कापणी ऑक्टोबरात येते, म्हणजे नेमकी शेवटच्या उजळणीत. दुसऱ्या वर्षी ती तासांतून वजा केली नाही, पैशांतून केली. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला ठेवून चार दिवस दोन गडी लावले. घरी हे मे महिन्यातच बोलून ठेवलं, कारण ऑक्टोबरात 'मला अभ्यास आहे' म्हटलं की ते कामचुकारपणासारखं ऐकू येतं.

शेवटचे चार आठवडे उजळणी आणि पूर्ण प्रश्नपत्रिकांसाठी बाजूला काढा: ४८ तास. राहिले २२८. आणि दर फेरीच्या शेवटचा रविवार, म्हणजे फर्स्टच्या आठवड्याचा, भरपाईसाठी मोकळा ठेवा. त्याचं काम पुढे सांगतो. उरलेल्या २२ आठवड्यांत अशा सात फेऱ्या बसतात, चार-चार तासांनी २८ गेले.

हातात राहिले २०० तास.

तुमचा आकडा वेगळा येईल. तो १४० आला तरी खोटा वाढवू नका. आणि परीक्षा पुढे ढकलली गेली तर उरलेल्या आठवड्यांसाठी हाच हिशेब पुन्हा करा. 'आता वेळच वेळ आहे' म्हणून वही बंद करणारे आमच्या बसमध्येच तिघं होते.

३. २०० तास विषयांत वाटा

संयुक्त पूर्वला १०० प्रश्न, १०० गुण, १ तास. मागच्या प्रश्नपत्रिका मोजल्या तर राज्यघटनेला साधारण १० आणि इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, विज्ञान, चालू घडामोडी, अंकगणित-बुद्धिमापन यांना प्रत्येकी साधारण १५ प्रश्न येतात. माझ्याकडे १०० गुणांना २०० तास, म्हणजे एका गुणाला दोन तास. पहिली वाटणी अशी झाली: राज्यघटना २०, बाकी सहा विषयांना ३० प्रत्येकी.

मग एक जुनी प्रश्नपत्रिका अभ्यास न करता सोडवून बघितली. मी बीएस्सी केमिस्ट्री. विज्ञानात १५ पैकी १० आले. गणित-बुद्धिमापनात ४, तेही अर्ध्या वेळेत अडकून. म्हणून विज्ञानाचे १२ तास काढले: ८ गणिताला, ४ इतिहासाला दिले. शेवटचा तक्ता:

- अंकगणित-बुद्धिमापन ३८
- इतिहास ३४
- भूगोल ३०
- अर्थव्यवस्था ३०
- चालू घडामोडी ३०
- राज्यघटना २०
- विज्ञान १८

आवडत्या विषयाचे तास कमी करताना जिवावर येतं. मला विज्ञान वाचायला आवडतं, थकून आलो की हात तिकडेच जातो. म्हणून तक्ता दाराच्या आतल्या बाजूला लावला आणि विज्ञानाचे १८ संपले त्या दिवशी ते पुस्तक आईच्या ट्रंकेत टाकलं.

४. तास आधी, पुस्तक नंतर

हा क्रम जवळजवळ सगळे उलटा करतात. चांगलं म्हणून एक जाडजूड पुस्तक आणतात आणि मग ते संपवायच्या मागे लागतात.

अर्थव्यवस्थेचं उदाहरण घ्या. माझ्याकडचं पुस्तक ४२० पानांचं. पहिल्या २१ दिवसांच्या वहीवरून माझा वेग तासाला ९ पानं, समजून, खुणा करत. म्हणजे नुसतं एकदा वाचायला ४६ तासांहून जास्त, आणि मला दिलेत ३०. त्यातले निम्मेच वाचनाचे, एक चतुर्थांश उजळणीचे आणि एक चतुर्थांश प्रश्न सोडवण्याचे. १५ तासांत ९ च्या वेगाने १३५ पानं होतात. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की ४२० पैकी १३५ कुठली?

ते पुस्तक सांगत नाही, जुन्या प्रश्नपत्रिका सांगतात. पाच प्रश्नपत्रिकांतले अर्थव्यवस्थेचे सगळे प्रश्न घेतले आणि अनुक्रमणिकेवर प्रत्येक प्रश्नासाठी एक रेघ मारली. बँकिंग आणि रिझर्व्ह बँक, राष्ट्रीय उत्पन्न, दारिद्र्य आणि बेरोजगारी, पंचवार्षिक योजना, अर्थसंकल्प आणि कर यांच्यापुढे रेघांची गर्दी झाली. काही प्रकरणांपुढे एकही रेघ नाही. गर्दीची प्रकरणं घेतली, १३५ पानं भरली की थांबलो. हे काम एका विषयाला दीड-दोन तास खातं. ते मेच्या आधी, मोजणीच्या २१ दिवसांतच उरका.

इतिहास-भूगोलाला मी बालभारतीची क्रमिक पुस्तकं घेतली. ती पातळ असतात आणि दीड तासाच्या बैठकीत एक-दोन धडे पुरे होतात. शिफ्टवाल्या माणसाला याची फार गरज असते, कारण अर्धं राहिलेलं प्रकरण चार दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

५. कुठल्या शिफ्टला कसला अभ्यास

तिन्ही आठवड्यांना एकच विषय सारखा वाटत बसू नका. डोकं सारखं नसतं.

सेकंडचा आठवडा सर्वांत चांगला. रात्री १२ ला घरी, ८ ला जाग, ९ ते १२ सलग. ऊन-पाऊस काही असो, या तीन तासांत नवीन आणि अवघड तेच घ्यायचं: अर्थव्यवस्थेचं नवं प्रकरण, राज्यघटनेतली न समजलेली कलमं, गणिताचा नवा प्रकार. धोका एवढाच की या सकाळी मोकळ्या दिसतात. बँक, गॅस, दाखले, नॉन-क्रिमिलेअरसाठी सेतूच्या फेऱ्या, सगळं इथेच येऊन पडतं. मी आठवड्यातला एक बुधवार बाहेरच्या कामांना देऊन टाकला. माझे १८ चे १५ झाले त्याचं कारण हा बुधवारच आहे, आणि तो मी वाचवायचा प्रयत्न केला नाही.

नाइटच्या आठवड्यात नवीन काही नाही. आदल्या आठवड्यात जे वाचलं त्याची फक्त उजळणी, चालू घडामोडींची टिपणं आणि नकाशे. नकाशा झोपाळू डोक्यालाही जमतो, कारण हात चालू राहतो. कोऱ्या नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल काढत बसायचो. रोज जिच्यावरून बस जाते ती वाशिष्ठी मी पहिल्यांदा सावित्रीच्या वर काढली होती!

फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. पहाटे ५ ला उठलेलं शरीर वाचायला बसलं की पेंगतं, पण प्रश्न सोडवताना पेंगत नाही. म्हणून हा आठवडा प्रश्नांचा: सेकंडला जी प्रकरणं वाचली त्यांचेच, रोज घड्याळ लावून २५ प्रश्न १५ मिनिटांत, मग उरलेल्या वेळात चुकलेल्यांचा छडा. परीक्षेतही एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंदच मिळतात, म्हणून हा वेग.

अशी फेरी लावली की प्रत्येक प्रकरण आपोआप तीनदा हाताखालून जातं: वाचन, मग आठवडाभराने उजळणी, मग प्रश्न. वेगळं उजळणीचं वेळापत्रक करावं लागत नाही. तुमच्या कंपनीत शिफ्ट उलट्या क्रमाने फिरत असेल तर फेरीची सुरुवात सेकंडपासूनच धरा. मग वाचनानंतर आधी प्रश्न येतील आणि नंतर उजळणी. तेही चालतं.

बसमधली ४० मिनिटं मी अभ्यासात धरत नाही. परशुराम घाटात वाचलं की मळमळतं. जाताना बातम्या ऐकतो, येताना झोपतो.

६. भरपाईचा रविवार

चार तास. पहिल्या तासात जुनी प्रश्नपत्रिका, पूर्ण १००, खऱ्या वेळेत. दुसऱ्या तासात चुकांची छाननी. उरलेले दोन तास फेरीत राहून गेलेल्या कामाला. काही राहिलं नसेल तर घरी झोपा किंवा गुहागरला जाऊन या. पुढच्या फेरीचं काम अलीकडे ओढू नका.

गुण मोजताना वजाबाकी विसरू नका. चार चुकांना एक गुण जातो. माझी दुसऱ्या फेरीनंतरची प्रश्नपत्रिका: ७२ सोडवले, ४१ बरोबर, ३१ चूक. ४१ वजा पावणेआठ, म्हणजे ३३.२५. त्या ३१ पैकी १९ निव्वळ अंदाजाने ठोकलेले निघाले. याचा अर्थ तास वाढवायला हवेत असा नव्हता. त्या रविवारनंतर मी प्रश्नाच्या कडेला 'येतं', 'दोनांत अडलो' आणि 'माहीत नाही' अशा तीन खुणा करायला लागलो आणि तिसरी खूण असलेले सोडून देऊ लागलो.

विषयांच्या तासांत बदल करायचा तो याच रविवारी, आणि एका वेळी दोन-तीन तासांचाच. एका प्रश्नपत्रिकेत भूगोल फसला म्हणून अख्खा तक्ता मोडू नका.

वेळापत्रक मोडतंय हे ओळखायची माझी खूण: सलग दोन फेऱ्यांत ३७ पैकी ३० तासही भरले नाहीत तर आकडाच चुकलाय. तेव्हा जागरण करून भरून काढायला जाऊ नका. मी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी टायट्रेशनचं वाचन चुकलं आणि बॅच पुन्हा तपासावी लागली. आकडा ३० करा, रेघा कमी असलेली प्रकरणं गाळा आणि पुढे चला.

७. परीक्षेचा रविवार कुठल्या शिफ्टला पडतो ते आत्ताच मोजा

पहिला आठवडा सेकंड, दुसरा नाइट, तिसरा फर्स्ट. २६ ला ३ ने भागलं तर बाकी २, म्हणजे सव्विसावा आठवडा नाइटचा. परीक्षा रविवारी, माझी नाइट सुटणार त्याच रविवारी सकाळी ७ ला, आणि केंद्र रत्नागिरीला.

पहिल्या वर्षी हे मला दहा दिवस आधी दिसलं. शनिवारची रजा टाकली, वाटलं काम झालं. पण पाच रात्री जागलेलं शरीर शनिवारी रात्री झोपेना. पहाटे चारला डोळा लागला, सहाला एसटी. साठाव्या प्रश्नाच्या आसपास डोळे आपोआप मिटायला लागले. एका दिवसाच्या रजेने घड्याळ फिरत नाही.

दुसऱ्या वर्षी अख्ख्या आठवड्याची शिफ्ट बदलून घेतली. ज्याला त्या आठवड्यात फर्स्ट आहे असा, तेच काम करणारा सहकारी शोधायचा. लॅबवाल्याला लॅबवालाच लागतो. गणपतीच्या बदल्यात अदलाबदल मागू नका, तेव्हा कुणीच कुणाला देत नाही. मी माझ्या सीनियर दादाला देवदिवाळीच्या आठवड्यातली त्याची नाइट करीन असं सांगितलं. त्याच्या गावची जत्रा तेव्हाच असते, तो लगेच तयार झाला. विनंती लेखी द्या, दोघांच्या सह्यांनी, पुढचा ड्युटी चार्ट लागायच्या आधी. तोंडी ठरलेलं चार्ट लागल्यावर कुणाला आठवत नाही.

रजा शिल्लक असल्या तर त्या शेवटच्या आठवड्यात एकदम संपवू नका. मी दोन टाकल्या, त्याही शेवटच्या दोन फेऱ्यांतल्या नाइटच्या शनिवारी, म्हणजे तो मेलेला रविवार जिवंत झाला आणि पूर्ण प्रश्नपत्रिका सकाळी ११ ला सोडवता आली.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी मी ३ ला सुटलो, ४ ला चिपळूण, तिथून एसटीने रत्नागिरीला मावशीकडे. ओळखपत्र, प्रवेशपत्र आणि काळं बॉलपेन पिशवीत होतं. दहाला दिवा मालवला. त्याच वेळेला दादा बहादूरशेख नाक्यावर नाइटच्या बसमध्ये चढत होता.